पिंप भरलं की नेट जातं

मला ट्रेनिंगसाठी पहिली ऑनलाइन मुलाखत द्यायची होती, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मुलाखत माझी असली तरी काळजी सगळ्यांना होती. आदल्या दिवशी सकाळी आमच्या सेलूच्या घरात नळ आला होता, आणि त्याच दुपारपासून मागच्या खोलीतलं नेट नेहमीसारखं रडायला लागलं.

नेट मामांचं. म्हणजे आईच्या सख्ख्या भावाचं, गल्लीत केबलचं कनेक्शन देणारे तेच. त्यामुळे बिघाड झाला की बाबा आधी आईकडे बघायचे.

"तुझ्या भावाला बोलाव. न्हाई तर आजच कापून टाकतो."

मामा लॅपटॉप घेऊन आले. बाहेरच्या खोलीत, टीव्हीखालच्या बुटक्या स्टुलावर राऊटर असायचं. त्यांनी त्याला वायरने लॅपटॉप जोडला आणि वेग दाखवला. पन्नासाचा प्लॅन, अठ्ठेचाळीस मिळत होते.

"दाजी, लाइन चांगली हाय."

"मेहुणे, तुमच्या लॅपटॉपवर चांगली हाय. मुलाखत काय तुमी द्यायलाव?"

मला लॅबमध्ये शिकवलेलं आठवलं. सांगू का नको करत सांगितलं. आयपर्फ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो इंटरनेट मोजतच नाही. घरातल्याच एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे माहिती पाठवतो आणि दर सेकंदाला किती पोचली ते लिहितो. मामांचा लॅपटॉप वायरनेच राऊटरला ठेवायचा, माझा वायफायवर. या दोन लॅपटॉपमधलीच वाट खराब निघाली, तर दोष बाहेरच्या लाइनचा नाही.

बाबांनी विचारलं, "म्हणजे नेट न वापरता नेट मोजायलीस?"

"नेट नाही, बाबा. वायफाय."

बाहेरच्या खोलीत नव्वद आले. मागच्या खोलीत तीन. मामांचा चेहरा उजळला. त्यांनी बाहेरून येणारी पिवळी वायर राऊटरमधून उपसली आणि हातात धरून उभे राहिले.

"आता माझं नेट घरातच न्हाई. मोज, पोरी."

मोजलं. बाहेर नव्वद, मागे तीन.

"बघा दाजी. वायर माझ्या हातात हाय, तरी तुमच्या घरात वेग कमीच."

बाबांना हे अजिबात आवडलं नाही. ते म्हणाले, मधे काय आहे ते शोध. मी लॅपटॉप हातात धरून बोळातून चालायला लागले. मामा त्यांच्या स्क्रीनवरचे आकडे मोठ्यानं वाचत होते. पंच्याऐंशी, ऐंशी. बोळात मागच्या खोलीच्या दाराला लागून आईची चार निळी पिंपं, काठोकाठ भरलेली. त्यांना वळसा घालून मी आत जमिनीवर बसले.

"सहा," मामा म्हणाले.

बाबा म्हणाले, "उठ बरं."

मी उठले.

"चाळीस."

"बस."

"पाच."

मला सात-आठ वेळा उठबस करायला लावलं. शेवटी बाबा स्वतः पिंपांमागे उकिडवे बसले आणि राऊटरकडे डोळे लावून म्हणाले, "इथून दिसतच न्हाई ते."

पाणी वायफाय शोषतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण आठवड्याचं पिण्याचं पाणी माझ्या अभ्यासाच्या वाटेत उभं आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. म्हणूनच नळाच्या दिवशी नेट जायचं, आणि पाणी संपत आलं की सुधारायचं. आम्ही श्रेय मामांच्या फोनाफोनीला देत होतो.

सगळे आईकडे बघायला लागले.

"मी एक थेंब सांडणार न्हाई," आई म्हणाली. "आठ दिवस पाणी न्हाई. तुमचं यंत्र हलवा."

"न्हाई तर हिला उभी राहून देऊ दे मुलाखत," बाबा म्हणाले. ते गंमत करत नव्हते.

राऊटर बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर ठेवायचं ठरलं, सिग्नल पिंपांच्या डोक्यावरून जाईल असं. वायर तिथवर पोचेना. म्हणून बाबा आणि मामांनी मिळून कपाटच दोन हात सरकवलं. मामांनी पिवळी वायर परत लावली. मी जमिनीवर बसून मोजलं. बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत सरांनी विचारलं, स्वतः शोधलेला एखादा बिघाड सांगा. मी आयपर्फबद्दल सांगितलं, वायरचा आकडा, वायफायचा आकडा, बाहेरची लाइन काढूनही तोच निकाल. ते मान हलवत लिहून घेत होते.

"आणि कारण काय निघालं?"

"पाणी, सर. पिण्याचं."

ते पडद्याजवळ आले. "तुमचं नेट तुटतंय का?"

"नाही सर. आज अगदी स्वच्छ आहे."

दाराबाहेर बाबा आईला दबक्या आवाजात सांगत होते की अर्धा तास पिंपाचं झाकणसुद्धा उघडू नको. मग मी सरांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, उठबशीसकट. त्यांनी मला ट्रेनिंगला घेतलं.