काशीला किती दिवस?

आमच्या असोद्याचे रुपचंदभाऊ दर हिवाळ्यात, कापूस वेचून झाला की माणसं जमवून काशीयात्रेला नेत. तीस-बत्तीस साली त्यांच्या शब्दावर लोक घर सोडत. काशीला किती दिवस राहायचं हे ते यात्रेकरूंच्या पायांवरून ठरवत. देवळाशी आल्यावर माणूस जोडे काढायचा कंटाळा करू लागला, की दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. बहुधा चार दिवस पुरत.

पण त्या वर्षी भडगावचा जीवराम त्याच पैशांत सहा दिवसांची काशी करवू लागला आणि गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं. भाऊंनी मारुतीच्या पारावर सांगून टाकलं, "आपली काशी आठ दिवसांची!" गावानं परतीचा दिवस धरून वाजंत्री ठरवली, यात्रेनंतरच्या मावंद्याचं जेवणही ठरलं. त्या जत्थ्यात मीही होतो.

पाचव्या दिवशी आमच्यातली भिकुबाई देवळाच्या पायरीवरच बसली.

"तुम्ही जा भाऊ. देवाले माह्या नमस्कार सांगजा."

"अवो, हे दुसरं देऊळ हाये!"

"कालही तुम्ही हेच म्हटलं."

तोताराम तर भाजीबाजारात सापडला. काशीच्या वांग्यांचं भरीत कसं होईल, यावर तो भाजीवाल्याशी वाद घालत होता. नावेत बसवलं, तर सगळे घाटाकडे पाठ करून कपाशीवर बोलू लागले.

भाऊंनी हिशेब केला. ही माणसं कुरकुरत घरी गेली, तर पुढचा हिवाळा जीवरामाचा.

सहाव्या दिवशी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. पण लवकर गावात कसं शिरायचं? काशी करून आलेल्यानं वाजंत्रीशिवाय वेशीच्या आत यायचं नाही, आणि वाजंत्री तर ठरल्या दिवशीच येणार. म्हणून घरापासून जवळच, भुसावळला धर्मशाळेत उतरलो.

"गावात कोणी बोलायचं नाही," भाऊंनी हात जोडले.

सकाळी भिकुबाई रेल्वेच्या यार्डाशी गेली, ती जेवायलाही येईना. एवढं मोठं इंजिन गोल चाकावर चढवून दोन माणसं ढकलत फिरवतात, हे तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं. तोताराम प्रत्येक इंजिनाला हात जोडत होता. दुसऱ्या दिवशी बाकीचेही तिथेच.

ठरल्या दिवशी वेशीवर वाजंत्री वाजली. भिकुबाईच्या शेजारची मंदाबाई ओवाळायला पुढे झाली आणि थबकली.

"काय वो भिकुबाई, गंगेत न्हाऊन आली, अन् तोंडाले कोळसा?"

भाऊंनी मान खाली घातली. भिकुबाईनं पदरानं तोंड पुसलं, तसा कोळसा आणखी पसरला.

"काशी झाली चांगली," ती म्हणाली. "पण माय, भुसावळ! दोन दिवस कमीच पडले."

तिथेच सगळं बाहेर आलं. मावंद्याच्या पंगतीत गंगेचं नाव कोणी काढलं नाही; तोताराम इंजिनासारखा धापा टाकून दाखवत होता. भाऊ मात्र पानावरून लवकरच उठले.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या ओट्यावर माणसं मावेनात. भडगावहून कौतिक म्हणून एक जण आला होता. त्यानं विचारलं,

"भाऊ, काशी चारच दिवस ठेवा. भुसावळले तीन दिवस देता का?"

भाऊंनी त्याच्या जोड्यांकडे पाहिलं.

"अडीच," ते म्हणाले.