आढीतली बाटली

अर्धी वाट मागे पडली तेव्हा गंगारामदादा वडाच्या पारावर टेकले आणि म्हणाले, "हां, आता वाइनचा पुढचा अभिप्राय वाचा बाई. पण आधी तारीख."

रेणुकाबाईंनी पिशवीतली बेलाची पानं बाजूला सारून मोबाइल काढला. दर सोमवारी दोघं वाडीतून वेळणेश्वरापर्यंत चालत जात. बाई महादेवासाठी, आणि दादा, त्यांच्याच शब्दांत, पाय गंजू नयेत म्हणून. संध्याकाळी सहाचं ऊन समुद्रावर पसरलं होतं आणि पाणी कुठं संपतं ते कळत नव्हतं.

"गेल्या वर्षी, एकवीस मे. नागपूर." बाई इंग्रजी सावकाश वाचत. शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवली होती. "लिहिलंय, चव बसकी. फळं शिजवल्यासारखी. पैसे फुकट गेले."

"आणि त्याच्या वरचा?"

"दहा जानेवारी, पुणे. ताजी चेरी, ओली माती, पाच तारे."

दादा डोळे मिटून हसले. "वाइन एकच, साल एकच. मग नागपूरवाल्याला शिजलेली कशी लागली? वाटेत शिजली म्हणून. मे महिन्यात ट्रक दुपारभर उन्हात उभा असणार. लोक मात्र वाइनलाच शिव्या घालतात."

गंगारामदादा सव्वीस वर्षं परदेशी प्रवासी जहाजांवर होते. बटाटे सोलायला चढले आणि उतरले ते वाइनच्या कोठाराचे मुख्य म्हणून. बाटली उघडली की पाहुण्यांच्या आधी त्यांनी वास घ्यायचा, आणि त्यांनी मान हलवली तरच ती टेबलावर जायची. प्यायचे मात्र घोटभरच. गावात कोणाला हे खरं वाटत नसे.

तीन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला आणि त्यात वास गेला. सुकटीचा नाही, उदबत्तीचा नाही, भात करपला तरी नाही. डोळे आधीच अधू झाले होते, त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण वास गेल्यावर माणूस घरातल्या घरात परका झाला. या शिमग्यात मात्र होळीचा धूर त्यांना जाणवला. नंतर काजूचा चीक. नंतर काहीबाही, कधी खरं, कधी भास.

"आता नक्की करायचंय," ते म्हणाले होते. "नाक परत आलंय का मी म्हातारपणी स्वप्न बघतोय. करवंदाचा वास आला म्हटलं तर मनच आठवून देतं. पण ही लाल वाइन मी हजारदा हुंगलीय. ती मला फसवणार नाय."

म्हणून ऑनलाइन मागवायची होती. पण बाटलीच बिघडलेली आली तर दोष तिचा का नाकाचा, हे कोण सांगणार? बाई म्हणाल्या, थंडीपर्यंत थांबा. दादा म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर झाली बाई."

तीन सोमवार त्यांनी विक्रेते चाळले. एक स्वस्त होता, पण अभिप्रायात कोणी लिहिलं होतं की पेटी शनिवार-रविवार गोदामात पडून राहिली. दुसरा बर्फाच्या पिशव्या घालून देत होता. दादा म्हणाले, बर्फ एक दिवस टिकतो, रस्ता तीन दिवसांचा. तिसऱ्याला त्यांनी फोनच केला. माल कुठं ठेवता? गाडी गार असते का? कुठल्या वारी सुटते? त्याची गार गाडी सोमवारी निघून रत्नागिरीच्या परवानाधारक दुकानात माल टाकत होती. दादांनी त्याच्याकडून मागवली, बिघाड झाला तर बूच सांगतं म्हणून बुचाची बाटली मुद्दाम निवडली, आणि ती आली त्याच दिवशी स्वतःचा परवाना दाखवून सकाळच्या गारव्यात मांडीवर घेऊन फेरीबोटीतून खाडी ओलांडून तवसाळला उतरले.

"प्रवासानं दमते ती," बाईंच्या हाती देत ते म्हणाले. "आठवडाभर निजू दे. अंधारात, आडवी, हलवायची नाय. माझं घर स्लॅबचं, भट्टी नुसती. तुमचं कौलारू, जमीन सारवलेली. माजघरात ठेवा."

बाईंनी मान डोलावली. पण माजघरात देवघर होतं. समईच्या उजेडात बाळकृष्णापासून चार हातांवर ती बाटली, हे त्यांच्या मनाला पटेना. आणि सासूबाई, सोनूबाई, नव्वदीतही सगळ्या घरभर फिरत. मग बाई पडवीतल्या खोलीत गेल्या. तिथं आंब्याची आढी घातली होती. अंधार होता, कोणी येत-जात नव्हतं, आणि भाताच्या पेंढ्यात बाटली कशी तान्ह्या बाळासारखी आडवी निजली. दादांनी सांगितलेलं सगळं जुळलं. आंब्याचा गोड दरवळ खोलीत भरला होता. आठवडाभर त्या जाता-येता दाराकडे बघत आणि मनात म्हणत, देवा, म्हाताऱ्याचं नाक दे.

आठवडा उलटल्यावर आलेल्या सोमवारी सकाळी दादा बाईंच्या अंगणात खुर्चीवर बसले. धुतलेला सदरा घातला होता. पेला आपल्या घरून आणला होता, फडक्यात गुंडाळून. बाईंनी बाटली आणली, त्यांनी सवयीनं बूच काढलं, थोडी ओतली, पेला गोल फिरवला आणि नाक आत घातलं.

माडाच्या सावल्या त्यांच्या सदऱ्यावर हलत होत्या.

"जांभळं," ते हळू म्हणाले. "उकडलेली. मोरंबा. खाली ओली माती पाहिजे, ती नाय. गेलं वाटतं नाक. हे कायतरी भलतंच सांगतंय."

त्यांनी पेला पायाशी ठेवला. हात मांडीवर तसाच उघडा राहिला. बाईंना तो हात बघवेना. त्यांनी उगाच बाटली उचलली, आणि गळ्याशी बोटं चिकटली. बुचावरचा कागद दादांनी फाडला होता, त्याच्या कडेखालून गळ्यावर तांबडा ओघळ येऊन वाळला होता.

"दादा, इथं गळलीय."

"कुठं?"

त्यांनी म्हाताऱ्याचं बोट धरून तिथं टेकवलं. मग फडक्यावरचं बूच त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं ते चाचपलं. ओलसर डाग एका बाजूनं थेट वरच्या टोकापर्यंत चढला होता.

"मी आणली तेव्हा गळा कोरडा होता," दादा म्हणाले. "बाई, कुठं ठेवली होती?"

खोटं बोलायला फारसं काही लागलं नसतं. बाईंनी देवघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. "आढीत," त्या म्हणाल्या. "देवाजवळ नको वाटलं मला. पेंढ्यात निजवली. अंधार होता."

"आंबे पिकत होते?"

"होय."

"काढली तेव्हा हाताला कशी लागली?"

बाई आठवायला लागल्या. "कोमट," त्या म्हणाल्या, आणि ते बोलताना त्यांचं त्यांनाच कळलं. आढी आतून तापते म्हणून तर आंबा पिकतो, हे लहानपणापासून माहीत होतं. माहीत होतं ते आंब्यापुरतं. "दादा, मीच घालवली. एवढ्या लांबून सांभाळून आणलीत तुम्ही."

दादांनी पेला पुन्हा उचलला होता. या वेळी घाई न करता, जहाजावर करत तसं, त्यांनी वास घेतला. "उष्णता लागलेली," ते स्वतःशीच म्हणाले. "हजारात ओळखीन. बूच वर ढकललं गेलंय, फळ शिजलंय, आणि मागून… थांबा… मागून पेंढा नाय येत, तो तुमच्या पदराला येतोय. आणि सोनूवैनी आत भाकरी भाजतायत."

आत खरोखर चुलीवर तवा ठेवलेला होता. बाई खाली पायरीवर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही येत होतं.

"बिघडलेलं ओळखणं हेच तर माझं काम होतं सव्वीस वर्षं," दादा म्हणाले. "चांगली तर कोणीही ओळखतो."

"पण तुमची वाइन गेली."

"जाऊ दे गो बाई. हिवाळ्यात दुसरी मागवू, ती तुमच्या देवाच्या शेजारी नको, विहिरीजवळच्या खोलीत ठेवू." त्यांनी उरलेली अळवाच्या मुळाशी ओतली आणि पेला फडक्यानं पुसला. मग पुसता पुसता थांबले.

"एक काम करा माझं. तुमच्या मोबाइलवर अभिप्राय लिहा. आजची तारीख घाला, गावाचं नाव घाला. आणि लिहा, की वाइन चांगली होती, विकणाऱ्यानं नीट पाठवली होती, ती आमच्या घरी आंब्याच्या आढीत तापली. लिहाल?"