नम्रताताईंनी पानापानावर सही घेतली

आमच्या कारखान्यात आंब्याचा पल्प होतो, पण माणसांचाही होतो, हे मला नम्रताताई खानविलकरांमुळे कळलं. मी तिथल्या लॅबमध्ये आहे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमची शेड आहे आणि अनिलशेठ आमचे मालक. ताई हिशेबाचं सगळं पाहतात. मूळच्या सावर्ड्याच्या, बी.कॉम. चिपळूणला, नवरा मुंबईला नोकरीत, त्या इथे सासूला सांभाळून एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत. डब्यात बहुतेक सुकटीची चटणी. बोलणं कमी, पण बोलतील ते तोंडावर.

आमच्यासारख्या बऱ्या पगाराच्या चौदा जणांचा टीडीएस दर महिन्याला कापला जातो. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत सरकारात भरायचा, आणि दर तीन महिन्यांनी कोणाचा किती कापला याचं विवरण द्यायचं, म्हणजे तो ज्याच्या त्याच्या नावावर दिसतो. एप्रिल ते जून सगळं वेळेवर झालं. जुलैपासून शेठनी आमचा कर कापला, पण भरला नाही. ते पैसे नव्या कोल्ड स्टोअरेजमध्ये घातले. बर्फवाल्याचा, ट्रकवाल्याचा, डबेवाल्याचा कापलेला कर मात्र वेळच्या वेळी भरला जायचा. त्यांच्या नावावर दिसला नाही तर ते दुसऱ्या दिवशी माल थांबवतील, एवढं शेठना कळत होतं. आम्ही काय थांबवणार?

ताई दर महिन्याला चलन घेऊन शेठच्या केबिनमध्ये जायच्या. "पुढच्या आठवड्यात बघू," असं ऐकून परत यायच्या. त्यांचाही कर त्यातच अडकलेला होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये फॉर्म सोळा, म्हणजे वर्षभर कापलेल्या कराचा दाखला, मिळाला नाही तेव्हा माणसं चिडली. आमच्या फोरमनच्या, रावजीच्या, नावावर गेल्या जूननंतरचं काहीच दिसत नव्हतं, आणि तो मुलीच्या फीसाठी परताव्यावर डोळा ठेवून होता. चहाच्या सुट्टीत सगळे गेटपाशी जमलो. शेठ गाडीतून उतरले, आमचं ऐकून घेतलं आणि ताईंकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला विचारा. मी पैसे दिले होते, ही भरायला विसरली. वय झालं आता तिचं."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, आता बोलतील. पण समोर रावजी होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याने शेठवर विश्वास ठेवलाय. नंतर त्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं, बाकीच्यांनीही टाकलं. त्यांच्या टेबलावर पूर्वी कोणी ना कोणी कोकमं, फणसाचे गरे आणून ठेवायचं, तेही बंद झालं. मी मात्र जात राहिलो. एकदा त्या मला म्हणाल्या, "पैसे खाल्ले म्हणाला असता तर चाललं असतं. विसरली म्हणाला." त्या बाईने आयुष्यात एक तारीख चुकवली नव्हती. तिचं नाव म्हणजे तेवढंच होतं, आणि शेठनी तेच मातीत घातलं.

ऑगस्टमध्ये ऑडिट तोंडावर आलं आणि शेठची झोप उडाली. कर कापलाच नाही, तर व्याज आणि भुर्दंड. पण कापून खिशात ठेवला, तर खटला होऊन तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. शेठच्या मेव्हण्याने युक्ती काढली. गेल्या जुलैपासून मार्चपर्यंतचं पगारपत्रक नव्याने बनवायचं. पंच्याऐंशी हजार पगार आणि चार हजार कर असं होतं, तिथे पगारच एक्क्याऐंशी दाखवायचा आणि कर शून्य. हातात पडलेली रक्कम तीच, म्हणजे बँकेशीही जुळलं. कापलाच नाही म्हटल्यावर खाल्ला कुठे?

शेठनी ताईंना बोलावून हे करायला सांगितलं. ताई "बरं" म्हणाल्या. बास, एक शब्द. एरवी याच बाईने शेठना खरेदीच्या एका चुकीच्या बिलावरून अर्धा तास धारेवर धरलं असतं. शेठना वाटलं, बाई नरमली.

चार दिवस बसून त्यांनी नऊ महिन्यांचं पत्रक सांगितल्याबरहुकूम बनवलं. मग ते शेठसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "मंजुरीची सही लागते. पानापानावर. आजची तारीख टाकून." शेठनी गप्पा मारत मारत सह्या केल्या.

ऑडिटला आली ती ऋजुता आठल्ये, सीएच्या ऑफिसातली, तिशीची, चष्मेवाली. बर्फवाले, ट्रकवाले तिने एका सकाळीच उरकले. बिल, कापलेला कर, चलन, विवरण, सगळं एकमेकांना लागलं. मग पगार घेतले. पहिल्या तिमाहीचं विवरण सरकारात जमा होतं, ते तिने पुढ्यात ठेवलं. त्यात जूनला रावजीचा पगार पंच्याऐंशी, कर चार, बँकेत गेले एक्क्याऐंशी. जुलैच्या पत्रकात पगार एक्क्याऐंशी, कर शून्य, बँकेत गेले एक्क्याऐंशी. चौदाच्या चौदा जणांचा पगार एकाच महिन्यात, नेमका कराएवढाच उतरला होता. तिने चष्मा पुसला आणि आम्हाला पगाराच्या जुन्या स्लिपा आणायला सांगितल्या. कोणाच्या पाकिटात, कोणाच्या फोनवर, सगळ्यांकडे होत्या.

शेठ केबिनमधून धावत आले. मी स्लिप द्यायला तिथेच उभा होतो. ते म्हणाले, हे पत्रक नम्रताने परस्पर बनवलंय, तिचा घोळ आहे, तिला विसरायची सवयच आहे.

ऋजुताने पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि शांतपणे विचारलं, "सर, ही सही तुमचीच ना? या महिन्यातलीच तारीख आहे."

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. शेठचा चेहरा उतरला, आणि तो उतरताना ताई टक लावून बघत होत्या. डोळ्यांत पाणी नाही, दया नाही, काही नाही.

सुटकेला एकच वाट उरली, आणि ऋजुताने ती सांगितली. खरं पगारपत्रक परत लावायचं, सगळा कर महिन्याला दीड टक्का व्याजाने भरायचा, थकलेली विवरणं उशिराच्या शुल्कासकट द्यायची. तरीही ऑडिट अहवालात हे लिहिलं जाणार, लपणार नाही. पुढे खटला करायचा की नाही ते आयकर खातं ठरवेल. आणि हे सगळं बिनचूक बसवणारं माणूस कारखान्यात एकच होतं. शेठ त्यांच्या टेबलापाशी आले, पगार वाढवतो म्हणाले. ताईंनी वाढ नको म्हटलं. जिथे बोललात तिथे जाऊन खरं सांगा, मग कॉम्प्युटर उघडते, एवढंच म्हणाल्या.

शेठनी सांगितलं. खाली मान घालून, पुटपुटत, पण सांगितलं. मागून "ऐकू येत नाही" असं रावजी म्हणाला, म्हणून परत सांगावं लागलं. ताईंनी त्याच दुपारी काम सुरू केलं आणि पंधरा दिवसांत संपवलं. चौदाही जणांच्या नावावर कर दिसायला लागला. रावजी माफी मागायला आला तेव्हा ताईंनी मान हलवली, पण खुर्चीवर बस म्हटलं नाही. मला वाटतं, त्याला त्या कधीच बस म्हणणार नाहीत.

शेवटच्या विवरणावर सही करताना शेठनी पेन थांबवलं.

"नम्रता, ते पत्रक जूनशी जुळणार नाही, हे तुला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं ना गो?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ताईंनी पुढचं पान त्यांच्यासमोर सरकवलं. "विसरले."