बुडालेल्या कंपन्या नसलेली यादी

परभणीच्या एका कॉलेजात मी वित्त शिकवते. कार्यक्षम बाजाराचा सिद्धांत शिकवायचा दिवस आला की मी मुलांना आधी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, उभं करते. सेलूला तुरीला जास्त भाव आहे, ही बातमी इथला चहा थंड व्हायच्या आत सगळ्यांच्या फोनवर असते. टेम्पो निघतात आणि दुपारपर्यंत दोन्हीकडच्या भावात फरक उरतो तो साधारण टेम्पोच्या भाड्याएवढा. शेअर बाजाराबद्दल सिद्धांत हेच सांगतो. जे सर्वांना ठाऊक आहे ते किमतीत आधीच आलेलं असतं, किंमत हलते ती नव्या बातमीने. नवी बातमी आधी कळत नाही, म्हणून किमतीची पुढची चालही आधी कळत नाही. काल वर गेली म्हणून उद्या वर जाईल असं नाही. याला यादृच्छिक चाल म्हणतात.

यावर टीकाकारांचे आक्षेप आहेत आणि ते मी तितक्याच मनापासून शिकवते. कंपन्यांच्या नफ्यात जेवढे चढउतार होतात, त्याहून कितीतरी जास्त किमती उड्या मारतात. फुगे फुगतात, फुटतात. वाईट बातमीने लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात, शेअर फार खाली जातो आणि मग सावरतो. या शेवटच्या मुद्द्यावर माझी एक विद्यार्थिनी पीएचडी करत होती.

ती वालूरची. वडील तिकडेच शाळेत शिक्षक. ती आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही. विभागात कायम जागा निघणार होती. प्रबंध त्याआधी मार्गी लागला तर तिला अर्ज करता येणार होता.

तिच्या आकडेमोडीचं पहिलं उत्तर झकास आलं. दरवर्षी सर्वात जास्त पडलेले शेअर घ्यायचे आणि ठेवायचे, की बाजारापेक्षा भरपूर जास्त परतावा. ही बातमी विभागप्रमुखांपर्यंत पोचली. वसमत रोडला त्यांचा शेअर बाजाराचा क्लास आहे, कागदोपत्री बायकोच्या नावावर. शनिवारी-रविवारी तिथे निवृत्त झालेले कारकून, पूर्णेहून येणारे रेल्वेवाले, नव्या नोकरीतली पोरं बसतात. आठवड्याभरात क्लासच्या दारावर फलक लागला: ‘बाजार चुकतो, हे संशोधनाने सिद्ध! त्या चुकीतून कमवायला शिका.’

तो फलक मी दोनदा वाचला. बाजार चुकतो यावरून या माणसाला त्याची चूक वेळेवर पकडता येते, हे कसं निघतं? टीकाकारांचा मुद्दा एवढाच की किंमत नेहमी बरोबर नसते. ती नेमकी केव्हा आणि किती चुकली आहे हे वसमत रोडला कळतं, असं कुणीही म्हटलेलं नाही. सरांनी तिला क्लासमध्ये व्याख्यान द्यायला बोलावलं आणि मुलाखतीच्या समितीवर आपणही असणार, हे जाता जाता तिच्या कानावर घातलं. गूळ दाखवून बैल वळवतात तसं.

मी तिच्या प्रबंधाचं ते प्रकरण घरी नेलं आणि एकेक कंपनीवर खूण करत गेले. मला यादी वाचताना खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या कपाटात एका पंप बनवणाऱ्या कंपनीचे शेअर पडून आहेत, सासऱ्यांनी घेतलेले. ती कंपनी मला सापडेना.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, “ही यादी कुठून घेतलीस?”

“आज बाजारात आहेत त्या कंपन्यांची हाय, मॅडम. तिथून मागं मागं गेले.”

“पंपवाली कुठंय?”

“ती तर कवाच बंद पडली न्हाई का...” तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “म्हंजे ज्या पडल्या आन् उठल्याच न्हाईत, त्या मी मोजल्याच न्हाईत.”

आजची यादी घेऊन मागे गेलं की तीत जगलेल्याच कंपन्या असतात. मग प्रत्येक पडलेला शेअर सावरलेलाच दिसणार. दवाखान्यातून घरी आलेल्यांनाच विचारून, तिथे गेलेला प्रत्येक जण बरा होतो, असं म्हणण्यासारखं ते होतं.

चूक तिची होती आणि ती दुरुस्त करण्यासारखी होती. किळस आली ती सरांच्या उत्तराची. ती त्यांना जाऊन म्हणाली, आकडे बदलतील, फलक काढा. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, “बाई, बुडालेल्या कंपन्या कोण विचारायलाय? प्रबंध आहे तसा दे. तुझ्या मॅडमला लय बारीक दिसतं. बारीक बघणाऱ्याला कायम नोकरी उशिराच लागते.”

हे तिने मला कॉलेजच्या जिन्यात सांगितलं. काय करू, असं विचारलं नाही. त्या-त्या वर्षीच्या जुन्या याद्या कुठे मिळतील, एवढंच विचारलं.

त्या याद्यांत बंद पडलेल्या, बाजारातून काढून टाकलेल्या कंपन्याही होत्या. त्या घालून तिने सगळं परत केलं. जागेची जाहिरात मधेच आली आणि अर्जाची मुदत संपली. आम्ही दोघींनी ती संपताना पाहिली.

प्रबंधाच्या समितीपुढे सादरीकरण झालं तेव्हा सर अध्यक्ष होते. आधीचा मोठा परतावा बहुतेक विरघळला होता. बाहेरगावहून आलेल्या सदस्यांनी विचारलं, मग बाजार कार्यक्षम आहे म्हणायचं का?

“नाही सर,” ती म्हणाली. समितीपुढे तिची भाषा इस्त्री केलेली असते. “तिमाही निकाल चांगला लागला तर किंमत एका दिवसात पूर्ण हलत नाही, पुढचे काही आठवडे त्याच दिशेने सरकत राहते. हे नव्या आकड्यांतही टिकलं. पण ते जास्त दिसतं छोट्या कंपन्यांत, आणि तिथे खरेदी-विक्रीचा खर्चही जास्त. तो वजा केला की हातात फार उरत नाही. पडलेल्या शेअरांतही थोडं जास्त मिळतं. पण ती बाजाराची चूक की बुडण्याचा धोका पत्करल्याची मजुरी, हे मला ठरवता येत नाही. धोक्याची योग्य मजुरी किती, हे आधी मीच धरून चालते, आणि तो अंदाजच चुकलेला असू शकतो.”

“म्हणजे निष्कर्ष काहीच नाही,” सर म्हणाले.

“निष्कर्ष आहे, सर. बाजार चुकतो. त्याच्या चुकीवर कुणाचं घर चालेल, एवढा पुरावा माझ्याकडे नाही.”

बाहेरच्या सदस्यांनी प्रबंध पुढे पाठवायची शिफारस लिहिली आणि कागद सहीसाठी सरांपुढे सरकवला. सरांनी सही केली. पुढच्या सत्रात तिला आमच्याकडे एकही तास मिळाला नाही. कार्यभार कमी झाला, असं कारण मिळालं. आता ती सोनपेठला शिकवते. तिथेही तासिका तत्त्वावरच, एसटीने जाऊन-येऊन.

मागच्या आठवड्यात बँकेच्या कामासाठी वसमत रोडला गेले होते. क्लासच्या दारावर नवा फलक होता: ‘बाजाराची चाल कुणालाच कळत नाही, हे संशोधनाने सिद्ध! म्हणूनच तज्ज्ञाचा हात धरा.’ खाली चपलांची रांग आधीपेक्षा लांब होती. मी फोटो काढून तिला पाठवला.

तिचं उत्तर आलं ते एसटीतून. “मॅडम, हा क्लास माझ्या यादीत घालायला हवा होता. निष्कर्ष कुठलाही आला तरी हा वरच जातो.”

मी ते वाचलं. बँक बंद व्हायला थोडाच वेळ होता, मी पुढे चालू लागले.