पुढचं वाक्य

अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेचे लेखी युक्तिवाद तपासणाऱ्या बाईंना लॉ कॉलेजात सगळे ‘कात्री’ म्हणत, आणि त्या या नावाला जागत.

आज समोर कामगाराची बाजू लिहिणारा संघप्रमुख बसला होता. त्याचा पहिला मुद्दा होता: ‘मालकाने बेकायदा केलेली बडतर्फी बेकायदा आहे काय?’

“उत्तर प्रश्नातच कोंबलंस. मग न्यायाधीशांनी काय माशा मारायच्या?”

बडतर्फीआधी कामगाराची चौकशी झालीच नव्हती, हा हुकमी मुद्दा शेवटच्या पानावर. त्याआधी न्यायाच्या थोरवीचं नुसतं पाल्हाळ.

“पण मॅडम, बडतर्फीच्या काळातल्या पूर्ण पगारावर थेट सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा दिलाय,” तो ऐटीत म्हणाला. ‘पूर्ण पगार मिळालाच पाहिजे,’ असा ठळक अक्षरांतला उतारा त्याने दाखवला.

बाईंनी मूळ निवाडा पुढे सरकवला. “त्याच्या आधीचं वाच.”

“‘कामगाराच्या वकिलांचे म्हणणे असे की...’”

“आता पुढचं वाक्य.”

“‘हे म्हणणे आम्हाला मान्य नाही.’” त्याची ऐट उतरली. “मग हा निवाडा काढून टाकू?”

“काढतोस कशाला?” लाल पेनाला टोपण लावत बाई म्हणाल्या. “मालकाच्या संघाला नेऊन दे. तुझी मेहनत कुणाच्या तरी कामी येईल.”