आधी डेल्टा, मग एक्स

वर्गात त्याचं नाव ‘उघडच आहे’ पडलं होतं, कारण सिद्धता अडली की पठ्ठ्या तेवढंच लिहून मोकळा व्हायचा. या खेपेला x दोनकडे जाताना x² ची सीमा चार येते, हे एप्सिलॉन-डेल्टाने दाखवायचं होतं; म्हणजे x² चारपासून ε पेक्षा कमी अंतरावर राहावा म्हणून x दोनच्या किती जवळ हवा, ते अंतर δ सांगायचं होतं. त्याने |x²−4| चे |x−2||x+2| असे अवयव पाडले आणि ऐटीत δ = ε/|x+2| ठोकून दिला.

“अरे, डेल्टा आधी ठरतो, एक्स मागून येतो,” बाई म्हणाल्या. “न आलेल्या पाहुण्याच्या मापाचा सदरा शिवलास!”

“मग?”

“डेल्टा एकच्या वर जाऊ देऊ नकोस, म्हणजे |x+2| पाचाच्या आत राहतो. आता एक आणि ε/5 यांतला लहान घे.”

“हे तर उघडच आहे!”

“उघडच होतं, तर इतका वेळ झाकून का ठेवलंस?”