शून्य दशांश पाच

जळकोटच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. ऑप्टिकल फायबरच्या टोकातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं वर्तुळ कागदावर मोजायचं आणि त्यावरून न्युमेरिकल अपर्चर, म्हणजे फायबर किती रुंद कोनातला प्रकाश आत घेते तो आकडा, काढायचं, असा एक प्रयोग होता. मुलं तो वर्षानुवर्षं मागच्या बॅचच्या जर्नलमधून करायची. उत्तर ०.५.

त्या वर्षी मी मुद्दाम ०.३ ची फायबर मागवली. वर्गात समजावूनही सांगितलं की हिचा स्वीकारकोन लहान, म्हणून प्रकाश कमी शिरतो. पण सरळ जाणारा किरण आणि फायबरच्या भिंतींवर आपटत आपटत लांबच्या वाटेनं जाणारा किरण यांच्या पोहोचण्याच्या वेळेत फरकही कमी पडतो, त्यामुळं प्रकाशाचा स्पंद, म्हणजे एक क्षणिक झोत, कमी पसरतो.

वर्षभर एकेक करून तपासलेली जर्नलं शेवटी एकत्र समोर आली. सगळ्यांचं ०.५. अख्खा वर्ग एकाच वाटेनं गेलेला, पसरायचा प्रश्नच नव्हता. मी अर्धा तास प्रामाणिकपणावर बोललो आणि चांगलं बोललो, असं मला वाटलं.

तास संपल्यावर सास्तूरची एक मुलगी जर्नल घेऊन आली. "सर, मी खरंच मोजलं होतं. दहा मिलिमीटरवर वर्तुळ सव्वासहाच मिलिमीटरचं आलं."

"मग ०.५ कुठनं आलं?"

तिनं एक पान मागं उलटलं. तिथं ०.३ होतं. त्यावर लाल फुली, शेजारी 'पुन्हा करा' आणि खाली माझी सही.

पुढच्या पानावरच्या ०.५ ला मी 'छान' दिलेलं होतं.